पंचवीस गुणांच्या आजी आणि सव्वीस गुणांचे सर

२००५ साली कॅनडातल्या माँट्रियलमध्ये झियाद नसरेद्दीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस गुणांची एक चाचणी प्रसिद्ध केली. 'माँट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट', डॉक्टरांच्या बोलण्यात नुसतं 'मोका'. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची, घनाची आकृती बघून काढायची, शंभरातून सात-सात वजा करत जायचं, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने परत सांगायचे, असं सगळं दहाएक मिनिटांत उरकतं. २६ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे ठीक. त्याखाली गेलात तर पुढे तपासणी करा. त्याआधी तीस वर्षं दवाखान्यांमध्ये १९७५ सालची 'मिनी-मेंटल' चाचणी चालत होती, पण सुरुवातीचा, अगदी सौम्य बिघाड तिच्या हाती लागत नसे. मोका त्यासाठीच बनवली गेली. त्या पहिल्या लेखातले आकडे आजही माहितीपत्रकांत आणि स्मृतिशिबिरांच्या जाहिरातींत फिरत असतात: सौम्य अल्झायमर असलेल्यांपैकी १०० टक्के लोक पकडले गेले, सौम्य बौद्धिक घट असलेल्यांपैकी ९० टक्के, आणि निरोगी माणसांपैकी ८७ टक्क्यांना चाचणीने बरोबर निरोगी म्हटलं.

यातले पहिले दोन आकडे संवेदनशीलतेचे, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचे. आजार असलेल्या दर शंभर माणसांपैकी चाचणी किती जणांवर बोट ठेवते, ते त्यातून कळतं. तिसरा आकडा विशिष्टतेचा, म्हणजे स्पेसिफिसिटीचा: आजार नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती सोडून देते. दोन्ही आकडे मोजायचे तर कोणाला आजार आहे आणि कोणाला नाही, हे आधीच ठाऊक असावं लागतं. घरच्यांना मात्र उलट दिशेचं उत्तर हवं असतं. चाचणी 'कमी गुण' म्हणते आहे, तर आमच्या आईला डिमेन्शिया असण्याची शक्यता किती? हे उत्तर नुसत्या त्या दोन आकड्यांतून निघत नाही. त्याला आणखी एक आकडा लागतो, तो म्हणजे ज्या लोकांमध्ये चाचणी घेतली त्यांच्यात मुळात किती जणांना हा आजार आहे. याला मूळ प्रमाण म्हणू.

माँट्रियलच्या अभ्यासात ९३ जणांना सौम्य अल्झायमर होता, ९४ जणांना सौम्य बौद्धिक घट आणि ९० जण निरोगी होते. मधला गट सध्या बाजूला ठेवू. ९३ रुग्ण सगळे पकडले गेले आणि ९० निरोगी लोकांपैकी १३ टक्के, म्हणजे सुमारे १२ जण, उगाचच अडकले. १०५ जणांना कमी गुण पडले, त्यातले ९३ खरे. कमी गुण पडलेल्या माणसाला आजार असण्याची शक्यता झाली ८९ टक्के. पण इथे रुग्ण आणि निरोगी जवळजवळ समसमान होते, कारण संशोधकांनी ते तसे गोळा केले होते. कुठल्याही गावात किंवा सोसायटीत साठी ओलांडलेल्या दर दुसऱ्या माणसाला डिमेन्शिया नसतो.

आता हीच चाचणी भारतात आणू. देशव्यापी 'लासी-डॅड' अभ्यासाचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठ वर्षांवरच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. एक हजार ज्येष्ठ घेतले तर त्यात ७४ रुग्ण आणि ९२६ निरोगी. माँट्रियलचे आकडे जसेच्या तसे मानले तर ७४ च्या ७४ पकडले जातील. ९२६ पैकी १३ टक्के, म्हणजे १२० जण, निष्कारण अडकतील. एकूण १९४ जणांना कमी गुण, त्यातले खरे रुग्ण ७४. शक्यता ८९ वरून ३८ टक्क्यांवर आली. चाचणीत काडीचाही बदल नाही, फक्त समोरची माणसं बदलली. शिबिरात कमी गुण पडलेल्यांपैकी दर पाचांत तिघांना डिमेन्शिया नाही, आणि हे आकडे चाचणीच्या जन्मदात्यांचे, म्हणजे तिच्या बाजूने सर्वांत उदार असलेले.

उदार म्हणण्याला आधार आहे. डिमेन्शियासाठी मोका कितपत चालते यावर २०१५ साली एक कॉक्रेन आढावा निघाला. त्यात सात अभ्यासांतले नऊ हजारांहून जास्त लोक होते. २६ ही सीमारेषा धरली तर संवेदनशीलता ९४ टक्के किंवा त्याहून जास्त निघाली, पण विशिष्टता ६० टक्के किंवा त्याहून कमी. हे घेऊन हजारांचा हिशेब पुन्हा मांडू. ७४ पैकी ७० पकडले गेले, चार सुटले. ९२६ पैकी ४० टक्के, म्हणजे ३७० लोक उगाच अडकले. कमी गुणवाले झाले ४४०, त्यात खरे रुग्ण ७०. म्हणजे शक्यता १६ टक्के.

८९, ३८, १६. एकाच चाचणीचे हे तीन आकडे आहेत आणि तिन्ही गणितं बिनचूक आहेत. शिबिराच्या फलकावर मात्र '९० टक्के अचूक' एवढंच छापलेलं असतं. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिला आकडा बसतो आणि त्याच्या वाट्याला तिसरा येतो.

उलट बाजूही बघायला हवी. २६ किंवा जास्त गुण मिळालेल्या ५६० जणांपैकी फक्त चौघांना आजार आहे, म्हणजे 'तुम्ही ठीक आहात' हे उत्तर ९९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर. ऐकायला हे भारी वाटतं. पण चाचणी न घेता हजारच्या हजार लोकांना 'तुम्ही ठीक आहात' म्हटलं असतं, तरी ९२.६ टक्के वेळा बरोबर ठरलं असतं. मूळ प्रमाण कमी असतं तेव्हा 'ठीक' हे उत्तर स्वस्तात बरोबर येतं. त्याचं श्रेय चाचणीला द्यायचं तर या ९२.६ च्या वर तिने किती भर घातली, तेवढंच द्यावं.

डॉक्टरांकडे याचा एक आटोपशीर हिशेब असतो. कमी गुण रुग्णाला पडण्याची शक्यता ९४ टक्के, निरोगी माणसाला ४० टक्के. एकाला दुसऱ्याने भागलं की साधारण २.३५ येतात. म्हणजे कमी गुण पडल्यावर आजार असण्याचं पारडं आधी होतं त्याच्या सव्वादोनपट-अडीचपट जड होतं, त्यापलीकडे नाही. आधीच्या शंकेला जोर येण्यापुरतं हे ठीक आहे, पण एवढ्यावर निदान उभं राहत नाही. माणूस मुळात साशंक गटातला असेल तर मात्र हाच गुणक कामाचा ठरतो. स्मृती-क्लिनिकमध्ये, जिथे घरच्यांनी काहीतरी बघून माणसाला आणलेलं असतं, तिथे समजा शंभरांपैकी पन्नास जणांना आजार आहे. त्याच ९४ आणि ६० ने ४७ खरे आणि २० खोटे इशारे येतील, शक्यता ७० टक्के. गुणपत्रिकेवरचा तोच २३ हा आकडा क्लिनिकमध्ये गंभीर आणि विरंगुळा केंद्रात बराचसा किरकोळ असू शकतो.

इथे अनेक लेखक थांबतात: मूळ प्रमाण बघा, बाकी दोन आकडे चाचणीचे स्वतःचे, ते कुठेही नेले तरी तेच राहतात. माझ्या मते प्रश्नाची खरी गुंतागुंत याच्यापुढे आहे, कारण ते दोन आकडेही चाचणीचे स्वतःचे नसतात. डेव्हिड रॅन्सोहॉफ आणि अल्व्हन फाइनस्टाइन यांनी १९७८ साली हे नीट मांडलं. ठळक आजारी एका बाजूला आणि ठणठणीत निरोगी दुसऱ्या बाजूला असे दोन कप्पे करून चाचणी तपासली, की ती हुशार दिसते. मधली माणसं त्यात नसतात. निराशेने मंदावलेले, ऐकू कमी येणारे, झोपेच्या गोळ्या घेणारे, थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असलेले, पक्षाघातानंतर एक हात जड झालेले लोक निरोगी गटात क्वचितच असतात. विशिष्टता ८७ वरून ६० च्या आसपास घसरते त्यात या माणसांचा मोठा वाटा आहे. २०११ साली अमेरिकेतल्या डॅलसमधून सामान्य वस्तीतल्या अडीच हजारांहून जास्त लोकांचे मोकाचे गुण प्रसिद्ध झाले. त्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक २६ च्या खाली होते. तिघांपैकी दोघांना बिघाड म्हणणारी रेघ ओढण्यात चूक झाली आहे, हे सांगायला वेगळी तपासणी लागत नाही.

संवेदनशीलतेचीही तीच गत. 'सुरुवातीचा डिमेन्शिया' पकडायचा म्हणतो तेव्हा सुरुवात म्हणजे किती सुरुवात? पुढच्या टप्प्यातला रुग्ण कुठल्याही चाचणीत पकडला जातो. त्याला चाचणीची गरजही नसते, घरातल्या सगळ्यांना ते दिसत असतं. अभ्यासात असे रुग्ण जितके जास्त, तितकी संवेदनशीलता फुगते. शिबिराला रिक्षा करून स्वतः येणाऱ्या, नाव-पत्ता लिहून देणाऱ्या माणसांमध्ये असे रुग्ण जवळपास नसतातच. त्यामुळे तिथे मूळ प्रमाणही देशाच्या ७.४ टक्क्यांपेक्षा कमी असणार. ते तीन टक्के धरलं आणि संवेदनशीलता मन मोठं करून ९४ च ठेवली, तर हजारांत २८ खरे आणि ३८८ खोटे इशारे येतात; कमी गुणवाल्या दर पंधरा जणांत जेमतेम एक रुग्ण.

आपल्याकडे या सगळ्यावर ताण करणारी गोष्ट म्हणजे शाळा. १९९३ साली अमेरिकेतल्या अठरा हजार प्रौढांचे मिनी-मेंटलचे गुण शिक्षणाप्रमाणे लावून दाखवले गेले. नऊ किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा मध्यांक २९, पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६ आणि चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचा २२. त्या चाचणीची नेहमीची सीमारेषा २४ च्या खाली असते. म्हणजे चौथीपर्यंत शिकलेल्या गटातला अगदी मधला माणूस, ज्याच्या मेंदूला काही झालेलं नाही, तोही 'बिघाड' या खान्यात पडतो. त्या गटात विशिष्टता ५० टक्क्यांच्याही खाली जाते. नाणं उडवूनही याहून बरं उत्तर मिळालं असतं.

मोकामध्ये हे कसं घडतं ते गुण-गुण मोजून बघू. दोन काल्पनिक माणसं घेऊ. चौथी शिकलेल्या एक आजी आहेत. आकडे आणि अक्षरं आळीपाळीने रेघेने जोडायची असतात, तो प्रकार त्यांनी आयुष्यात केलेला नाही: एक गुण गेला. घन काढताना पेन्सिल अडखळली: एक गेला. घड्याळाचं वर्तुळ आलं, आकडे आले, काटे चुकले: एक गेला. एका अक्षरावरून सुरू होणारे शब्द एका मिनिटात अकरा हवेत, त्यांचे आठ झाले: एक गेला. सात-सात वजा करताना पाचांपैकी तीन उत्तरं बरोबर, तीनऐवजी दोन गुण: एक गेला. दोन वस्तूंमधलं साम्य सांगायच्या दोन प्रश्नांपैकी एक चुकला: आणखी एक. तीसातून सहा गेले, उरले २४. बारा किंवा त्याहून कमी वर्षं शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात, म्हणून २५. कमी गुण, पुढे तपासणी. आणि या आजींनी पाचही शब्द पाच मिनिटांनी धडाधड सांगितले होते.

दुसरे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. घन, घड्याळ, वजाबाक्या, सगळं चोख. पाच शब्दांपैकी मात्र आपणहून एकच आठवला. बाकीच्यांसाठी इशारा देऊन बघतात, पण इशाऱ्याने आठवलेल्या शब्दाला गुण नाही. चार गेले, उरले २६. नॉर्मल. पाच मिनिटांपूर्वी ऐकलेलं न टिकणं ही अल्झायमरची सर्वांत आधी दिसणारी खूण असते, आणि ती सरांच्या कागदावर आहे, आजींच्या नाही. बेरीज करताना ती पुसली गेली. शिक्षणाचा एक गुण वाढवून दिल्याने हा फरक भरून निघत नाही. चौथी आणि बारावी यांना एकाच मापाने मोजणाऱ्या त्या एका गुणाचा तर्क मला कधीच पटलेला नाही.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगळी चाचणी बांधायचा एक गंभीर प्रयत्न आपल्याच देशात झाला. हरियाणातल्या बल्लभगढ भागात, जिथल्या बहुसंख्य वृद्धांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी मिनी-मेंटलची हिंदी आवृत्ती तयार केली; ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी नुसतं भाषांतर केलं नाही. कागदावर लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटायचे असतात तिथे परीक्षक स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि 'मी करतो तसं करा' म्हणतो. एक वाक्य लिहायचं असतं तिथे 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' असं विचारतात. त्याच भागातून १९९८ साली आलेलं डिमेन्शियाचं प्रमाण ६५ वर्षांवरच्या लोकांत १.३६ टक्के होतं.

१.३६ आणि ७.४ मध्ये केवढं अंतर आहे! वयोगट, काळ, जागा वेगळ्या हे खरंच. पण मोठं कारण आजार ठरवण्याच्या पद्धतीत आहे. त्याचा चांगला दाखला '१०/६६' या आंतरराष्ट्रीय गटाच्या २००८ सालच्या अभ्यासात मिळतो. अमेरिकन मनोविकार संघटनेचे निकष लावले तर ग्रामीण भारतात प्रमाण आलं ०.३ टक्के आणि क्यूबात ६.३ टक्के. त्याच गटाने शिक्षणाचा परिणाम कमी करणारे स्वतःचे निकष लावले तेव्हा सगळ्या ठिकाणचे आकडे ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या पट्ट्यात आले. अमेरिकन निकषात रोजच्या कामात घट झालेली असावी लागते आणि ती घरच्यांनी सांगावी लागते. आपल्याकडे सासूबाईंच्या हातातला स्वयंपाक सुनेकडे कधीच गेलेला असतो, बँकेत मुलगा जातो, औषधं नात काढून देते. कामच उरलं नसेल तर घट दिसायची कुठून? विचारल्यावर उत्तर मिळतं, 'वयोमानाप्रमाणे होतंच'. म्हणजे मूळ प्रमाण हा जमिनीवर पडलेला, उचलून सूत्रात टाकायचा तयार आकडा नाही. तोही कुठल्या तरी चाचणीच्या आणि निकषाच्या चाळणीतून आलेला असतो, आणि त्या चाळणीलाही स्वतःची संवेदनशीलता आणि विशिष्टता असते.

सीमारेषा खाली आणली तर काय? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणाने मोकासाठी २६ ऐवजी २३ ची शिफारस केली, खोटे इशारे कमी व्हावेत म्हणून. ते होतातही. समजा संवेदनशीलता ८० आणि विशिष्टता ९० झाली. हजारांच्या हिशेबात ५९ खरे आणि ९३ खोटे इशारे येतील, शक्यता ३९ टक्के. पण सुटलेले रुग्ण चारावरून पंधरावर गेले, आणि सुटणाऱ्यांमध्ये सर्वाधिक भरणा सुरुवातीच्या टप्प्यातल्या, शिकलेल्या माणसांचा, म्हणजे सरांसारख्यांचा. आजी २५ गुणांनी सुटल्या हे मात्र चांगलं झालं.

प्रत्यक्षात काय घडतं याचा एक प्रामाणिक हिशेब अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचा आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात कौटुंबिक डॉक्टरांकडे येणाऱ्या ६५ वर्षांवरच्या ३,३४० जणांची चाळणी झाली. चाचण्या मोकापेक्षा वेगळ्या होत्या. ४३४ जणांना इशारा मिळाला. त्यांना पूर्ण तपासणीचं निमंत्रण दिलं, तर तयार झाले फक्त २२७. जवळजवळ निम्म्यांनी नकार दिला. तपासलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना डिमेन्शिया निघाला, ३३ टक्क्यांना त्याहून सौम्य घट आणि २० टक्क्यांना काहीच नाही. यात दोन धडे आहेत. एक म्हणजे नकार देणारे आणि होकार देणारे सारखे होते असं मानायला आधार नाही, तेव्हा ४७ हा आकडाही सावधपणेच घ्यावा. दुसरा धडा चाचणीच्या अभ्यासकांसाठी: इशारा न मिळालेल्या २,९०६ जणांची पूर्ण तपासणी झाली नाही, तर त्यांच्यात किती रुग्ण सुटले हे कळायला मार्ग नाही. अशा आकड्यांवरून संवेदनशीलता काढायला गेलं तर ती आपोआप शंभराकडे झुकते. निदान करणाऱ्या डॉक्टरांनी चाचणीचे गुण आधीच बघितले असतील तर दोन्ही आकडे आणखी फुगतात. आपल्या शिबिरांच्या अहवालांत '४०० जणांची तपासणी, ९० जणांत दोष आढळला' एवढंच लिहिलेलं असतं. त्या ९० पैकी किती जण न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोहोचले याचा आकडा नसतो, आणि उरलेल्या ३१० बद्दल तर कोणी चकार शब्द काढत नाही.

अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०२० साली म्हटलं की लक्षणं नसलेल्या वृद्धांची सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. ज्यांच्यात बदल दिसला आहे त्यांना तपासू नका, असं त्याने म्हटलेलं नाही. हिशेब बघता हा फरक रास्तच आहे. शंका घेऊन आलेल्या माणसाचं मूळ प्रमाण आधीच वर चढलेलं असतं.

तरीही शिबिर घ्यायचंच असेल तर दुसरी चाळणी पहिल्यापेक्षा वेगळ्या जातीची हवी. तीच चाचणी पुन्हा घेतली तर घन न काढता येणाऱ्या आजी दुसऱ्यांदाही अडकतील, कारण चुकीमागचं मूळ तेच राहतं. त्यासाठी घरच्या माणसाला विचारायच्या प्रश्नावल्या आहेत, उदाहरणार्थ आठ प्रश्नांची 'एडी-८'. तीत पूर्वीच्या मानाने बदल झाला का, एवढंच विचारतात. माणूस किती शिकला याच्याशी तिचा संबंध फार कमी. पहिल्या चाळणीतून आलेल्या ४४० जणांना अशी दुसरी लावली आणि तिची संवेदनशीलता ८५, विशिष्टता ८० धरली, तर ६० खरे आणि ७४ खोटे उरतात. शक्यता १६ वरून ४५ टक्क्यांवर येते. दोन चाचण्यांच्या चुका एकमेकींशी बांधलेल्या नसतील तरच हे गणित चालतं. आजींची सून म्हणेल की भिशीचा हिशेब अजून त्याच ठेवतात. पण सर पहिल्याच चाळणीत 'नॉर्मल' ठरल्यामुळे दुसरीपर्यंत पोहोचलेच नाहीत, आणि या महिन्यात त्यांनी विजेचं बिल दोनदा भरलं हे सांगायला त्यांच्या पत्नीला कोणी बोलावलं नाही. म्हणून घरच्यांना प्रश्न सगळ्यांबाबत विचारावेत, आणि कागदावर नुसती बेरीज न लिहिता किती वर्षं शिक्षण आणि पाचांपैकी किती शब्द आठवले, हे दोन आकडे वेगळे लिहावेत. शिबिरात त्याला जास्तीचे दोन रकाने लागतील.